तिसऱ्या दिवशी परत गेलेले पैसे

अँड्रॉइड फोनवरच्या एखाद्या ॲपमध्ये आपण काही विकत घेतो. खात्यातून पैसे जातात, घेतलेली गोष्ट लगेच वापरायलाही मिळते. मग तीन दिवसांनी गुगल प्लेकडून मेल येतो, की ऑर्डर रद्द झाली असून पैसे परत केले आहेत. आपण रिफंड मागितलेला नसतो, तक्रारही केलेली नसते. ॲप उघडून पाहावे तर विकत घेतलेला भाग पुन्हा कुलूपबंद झालेला असतो, किंवा क्वचित तसाच उघडा राहिलेला असतो. यात बँकेचा दोष नसतो आणि फसवणुकीचाही प्रकार नसतो. बहुतेक वेळा कारण एवढेच असते, की ॲप बनवणाऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये चार-पाच ओळी लिहायच्या राहून गेल्या आहेत.

त्या ओळी नेमके काय करतात, त्या राहून गेल्या तरी कोणाच्या लक्षात का येत नाही आणि राहिल्याच असतील तर नुकसान कसे आवरायचे, हे एका उदाहरणावरून नीट दिसते.

समजा, कोल्हापूरच्या एका तरुणीने मोडी लिपी शिकवणारे ॲप तयार केले. पहिले पाच धडे फुकट, पुढचे सगळे धडे १९९ रुपयांत कायमचे खुले. ॲपच्या आतली अशी विक्री तिने गुगल प्लेच्या बिलिंगमार्फत ठेवली आहे. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता तिने ॲप सर्वांसाठी खुले केले आणि साडेसातला पहिली ऑर्डर आली.

या खरेदीत तीन पक्ष आहेत : ग्राहक, ॲप आणि मध्ये प्ले स्टोअर. ग्राहक बटण दाबतो तेव्हा खालून वर सरकणारी पैशांची खिडकी ॲपची नसते, ती स्टोअरची असते. कार्ड, यूपीआय, पासवर्ड हा सगळा व्यवहार तिथेच होतो आणि त्यातले काहीही ॲपला कळत नाही. पैसे जमा झाले की स्टोअर ॲपला एक निरोप देते : या ग्राहकाने ही वस्तू घेतली, हा ऑर्डर क्रमांक आणि हे या खरेदीचे टोकन. ऑर्डर क्रमांक GPA या अक्षरांनी सुरू होतो, रिफंडच्या मेलमध्येही तोच छापलेला असतो. टोकन म्हणजे अक्षरे आणि आकडे यांची एक लांबलचक ओळ. त्या खरेदीविषयी पुढे स्टोअरशी जे काही बोलायचे, ते टोकन दाखवूनच.

निरोप आला की ॲप धडे खुले करते. कोल्हापूरच्या त्या तरुणीने इथपर्यंतचे काम चोख केले. ‘धडे विकत घेतले आहेत’ अशी खूण फोनमध्ये साठवली, कुलपाचे चित्र काढून टाकले, आभाराचा संदेश दाखवला. पुढची पायरी मात्र राहिली. माल ग्राहकाच्या हाती पडला, हे ॲपने उलट स्टोअरला कळवायचे असते. रजिस्टर पत्रासोबतची पोच सही होऊन पाठवणाऱ्याकडे परत जायची, तशीच ही पोच. ती तीन दिवसांत आली नाही, तर ग्राहकाला काहीच मिळाले नाही असे स्टोअर धरून चालते. मग ते पैसे परत करते आणि खरेदीही काढून घेते.

हा नियम २०१९ च्या मे महिन्यात आला. गुगलने तेव्हा आपल्या बिलिंग लायब्ररीची दुसरी आवृत्ती जाहीर केली. लायब्ररी म्हणजे ॲप आणि स्टोअर यांच्यातले बोलणे सांभाळणारा तयार प्रोग्रॅम. त्याआधी पोच द्यायचे बंधन नव्हते, पैसे जमा झाले की विक्री पूर्ण. ॲप मध्येच बंद पडले, नेट गेले, विक्रेत्याचा सर्व्हर झोपला आणि ग्राहकाला काहीच मिळाले नाही, तरी स्टोअरच्या दप्तरी तो व्यवहार यशस्वीच असायचा. पैसे परत मिळवायला ग्राहकालाच मेल लिहावा लागे, ऑर्डर क्रमांक शोधावा लागे, वाट पाहावी लागे. साठ-सत्तर रुपयांसाठी एवढी खटपट कोण करणार? नव्या नियमाने हे ओझे विकणाऱ्यावर टाकले. माल दिला हे त्याने सांगायचे, नाही सांगितले तर पैसे आपोआप परत. माझ्या मते ही वाटणी न्याय्य आहे. माल पोचला की नाही हे ॲपला ठाऊक असू शकते, स्टोअरला ते दुसऱ्या कोणत्याच मार्गाने कळत नाही आणि ग्राहकाच्या हाती व्यवहाराचे कोणतेच टोक नसते.

सुरुवातीला जुन्या आवृत्तीवर चालणाऱ्या ॲपना सूट होती. पण १ नोव्हेंबर २०२१ पासून प्ले स्टोअरवरच्या ॲपचे कोणतेही नवे अपडेट लायब्ररीच्या तिसऱ्या किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर असणे सक्तीचे झाले. वर्षानुवर्षे बिनतक्रार विक्री करणाऱ्या ॲपवरही मग पोच देण्याची जबाबदारी आली. जुना प्रोग्रॅम नव्या लायब्ररीशी जुळवताना माणूस काय करतो? मोडलेले दुरुस्त करतो. ज्या ओळी लाल दिसतात त्या बदलतो. पोच देण्याची ओळ जुन्या प्रोग्रॅममध्ये नव्हतीच, त्यामुळे तिच्याजागी लाल काही दिसणार नव्हते.

ती ओळ दिसायला अगदी साधी आहे. कॉटलिन भाषेत लिहायची तर अशी :

```kotlin
if (purchase.purchaseState == Purchase.PurchaseState.PURCHASED
    && !purchase.isAcknowledged) {
    val params = AcknowledgePurchaseParams.newBuilder()
        .setPurchaseToken(purchase.purchaseToken)
        .build()
    billingClient.acknowledgePurchase(params) { result ->
        // result.responseCode तपासा
    }
}
```

पैसे खरोखर जमा झाले आहेत का आणि पोच आधीच दिली गेली आहे का, हे पाहायचे. दिलेली नसेल तर टोकन दाखवून द्यायची. शेवटच्या ओळीतले उत्तर तपासणे महत्त्वाचे आहे. पोच पाठवली म्हणजे ती पोचलीच असे नाही, मध्ये नेट जाऊ शकते. उत्तर ‘ठीक’ असे आले नाही तर थोड्या वेळाने पुन्हा पाठवावी लागते.

आता शुक्रवारच्या त्या ऑर्डरीकडे वळू. शनिवार-रविवार धरून सोमवारी संध्याकाळपर्यंत, समजा, ३१ जणांनी धडे विकत घेतले. प्रत्येकाचे धडे उघडलेले आहेत. दोघांनी चांगला अभिप्राय लिहिला आहे. विक्रेतीच्या पडद्यावर ३१ ऑर्डरी आणि ६,१६९ रुपयांची विक्री दिसते आहे. सोमवारी साडेसातच्या सुमारास पहिली ऑर्डर रद्द होते. थोड्या वेळाने दुसरी, मग तिसरी. ज्या क्रमाने ऑर्डरी आल्या त्याच क्रमाने, प्रत्येकीला तीन दिवस भरतील तशा, त्या गळू लागतात. गुरुवारी संध्याकाळपर्यंत पहिल्या ३१ पैकी एकही उरत नाही. दरम्यान नव्या ऑर्डरी येतच असतात, त्यामुळे एकूण आकडा पाहणाऱ्याला धंदा चालू असल्याचेच वाटते.

ही चूक लपून राहते ती याचमुळे. ग्राहकाला माल मिळालेला, विक्रेतीला विक्री दिसलेली. दोघांच्या दृष्टीने व्यवहार पुरा झाला, फक्त स्टोअरच्या वहीत तो अपुरा आहे आणि ती वही तीन दिवस काही बोलत नाही. बँकेच्या खात्यावरूनही पत्ता लागत नाही. गुगल विक्रेत्याला महिन्यातून एकदाच पैसे देते, गेल्या महिन्याचे या महिन्याच्या साधारण १५ तारखेच्या सुमारास. त्यातून रिफंड आधीच वजा झालेले असतात. रक्कम अपेक्षेपेक्षा कमी आली एवढेच दिसते, आणि नव्याने विक्री सुरू केलेल्याला अपेक्षित रक्कम किती हेच नीट माहीत नसते.

ॲपने फोनमध्ये जपलेली ‘विकत घेतले’ ही खूण गोंधळ आणखी वाढवते. जे ॲप या खुणेवरच विसंबते, त्यात पैसे परत गेल्यावरही धडे उघडेच राहतात. ग्राहक तक्रार करत नाही, कारण त्याचे काहीच गेलेले नसते. उलट जे ॲप दर वेळी उघडताना स्टोअरला विचारते, त्यात चौथ्या दिवशी कुलूप परत लागते आणि ‘पैसे घेतले आणि धडे काढून घेतले’ असा एक तारा देणारा अभिप्राय येतो. रिफंड बँकेत दिसायला आणखी काही दिवस लागले, तर ग्राहकाचा संताप अगदी रास्त असतो. अप्रिय असले तरी हे दुसरे ॲप आपली चूक लवकर दाखवते.

खेळांमधली नाणी, हिरे, जादा डाव अशा पुन्हा पुन्हा घेता येणाऱ्या वस्तूंचे गणित वेगळे आहे. त्यांच्यासाठी निराळी पोच द्यावी लागत नाही. वस्तू वापरून संपली असे कळवणारी consumeAsync ही आज्ञा दिली, की पोच त्यातच येते. ही आज्ञा विसरली तर ग्राहकाला तीच वस्तू दुसऱ्यांदा घेता येत नाही, ‘ही वस्तू तुमच्याकडे आहेच’ असे स्टोअर सांगते. दोनदा खरेदी करून पाहणाऱ्याला चूक लगेच सापडते. मोडीच्या धड्यांसारखी एकदाच घ्यायची वस्तू मात्र कोणी दुसऱ्यांदा घ्यायला जात नाही, म्हणून तिथे चूक जास्त काळ दबून राहते. सबस्क्रिप्शनमध्ये पहिल्या खरेदीची पोच द्यावी लागते, दर महिन्याच्या नूतनीकरणाची नाही. पण ग्राहकाने मासिक योजना सोडून वार्षिक घेतली तर ती नवी खरेदी ठरते, तिला नवे टोकन मिळते आणि तिची पोच पुन्हा द्यावी लागते. मूळ खरेदी नीट हाताळणारी ॲप अनेकदा इथे अडखळतात.

आतापर्यंत सांगितले ते पोच अजिबात न देणाऱ्या ॲपचे. त्यात शंभरातल्या शंभर ऑर्डरी परत जातात आणि उशिरा का होईना, कोणीतरी मोजायला बसते. याहून चिवट प्रकार म्हणजे पोच देण्याची ओळ लिहिलेली आहे, पण ती प्रत्येक वेळी चालत नाही. शंभरातल्या चार-पाच ऑर्डरी गळतात आणि त्या ‘ग्राहकाचे मन बदलले असेल’ या खात्यात जमा होतात.

अशी गळती कशी होते, ते एका ग्राहकासोबत जाऊन पाहू. एसटीत बसलेला एक विद्यार्थी धडे विकत घ्यायला बटण दाबतो. यूपीआयसाठी पैशांचे दुसरे ॲप उघडते. फोन जुना, मेमरी कमी. मागे राहिलेले मोडीचे ॲप फोन स्वतःच बंद करून टाकतो. विद्यार्थी पिन घालतो, पैसे जातात, स्टोअर निरोप पाठवते, पण तो घ्यायला ॲप जागेवर नाही. गाडी घाटात शिरते, नेट जाते, विद्यार्थी फोन खिशात ठेवतो. रात्री तो ॲप पुन्हा उघडतो. ॲप फक्त ‘आत्ता झालेल्या’ खरेदीचा निरोप ऐकायला बसलेले असेल, तर सकाळची खरेदी त्याला कळतच नाही. धडे बंद, पैसे गेलेले, पोच दिलेली नाही. अशा वेळी तीन दिवसांनी येणारा रिफंड ही चूक नाही. याच विद्यार्थ्यासाठी तो नियम केला आहे.

विक्री गमवायची नसेल तर ॲपने दर वेळी पुढे येताना स्वतःहून स्टोअरला विचारायचे असते : या माणसाच्या नावावर कोणत्या खरेद्या आहेत? queryPurchasesAsync ही आज्ञा त्यासाठीच आहे आणि ती ॲपच्या onResume या टप्प्यावर द्यावी असे गुगल सांगते. आलेल्या यादीत पोच न दिलेली खरेदी दिसली, की धडे खुले करायचे आणि पोच द्यायची. आपल्या विद्यार्थ्याने रात्री ॲप उघडले त्याच क्षणी हे झाले असते. त्याने चार दिवस ॲप उघडलेच नाही तर? तिथे फोनवरच्या प्रोग्रॅमची मर्यादा संपते. मग विक्रेत्याचा स्वतःचा सर्व्हर लागतो. गुगल खरेदीची सूचना थेट सर्व्हरला पाठवते, सर्व्हर ग्राहकाच्या खात्यावर धडे जमा करतो आणि पोच स्वतःच देतो. फोन खिशात असला तरी काम होते. छोट्या ॲपला मात्र सर्व्हरचा खर्च आणि देखभाल झेपेलच असे नाही. तिथे दर वेळी विचारण्याचा उपाय बहुतेक गळती थांबवतो, उरलेली सोसावी लागते.

गळतीची दुसरी वाट उधारीच्या खरेदीतून जाते. काही देशांत प्ले स्टोअरवर रोख पैसे भरता येतात. जपानमध्ये ग्राहक फोनवर ऑर्डर नोंदवतो आणि नंतर जवळच्या दुकानात जाऊन पैसे भरतो. मधल्या काळात खरेदीची स्थिती PENDING असते. या काळात माल द्यायचा नसतो आणि पोचही देता येत नाही, दिली तर स्टोअर नाकारते. तीन दिवसांची मुदत सुरू होते ती पैसे भरले जाऊन स्थिती PURCHASED झाल्यावर. घाईने लिहिलेले ॲप PENDING असतानाच पोच द्यायला जाते, नकार येतो आणि पुन्हा प्रयत्न करत नाही. ग्राहक दुसऱ्या दिवशी दुकानात पैसे भरतो, पण आता त्या खरेदीकडे कोणी पाहत नसते.

चूक समजल्यावर केली जाणारी एक दुरुस्ती मूळ चुकीपेक्षा वाईट आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. पैसे परत जाण्याची धास्ती घेतलेला डेव्हलपर पोच देण्याची ओळ सगळ्यात वर नेऊन ठेवतो. निरोप आला की आधी पोच, मग बाकीचे. रिफंड थांबतात, हे खरे. पण पोच गेल्यानंतर आणि धडे खुले होण्याआधी ॲप बंद पडले, तर ग्राहकाचे पैसे गेले, माल मिळाला नाही आणि आपोआप परतीचा रस्ताही बंद झाला. २०१९ आधीची स्थिती त्याने त्या ग्राहकापुरती परत आणली. क्रम असाच हवा : खरेदी खरी आहे याची खातरजमा, मग माल कायमचा नोंदवणे आणि शेवटी पोच. मध्ये कुठेही तुटले तरी पोच बाकी राहते, पुढच्या वेळी ॲप उघडताच काम पुन्हा उचलता येते आणि तेही झाले नाही तर ग्राहकाचे पैसे सुरक्षित राहतात.

ॲपलचा मार्ग यापेक्षा निराळा आहे. तिथेही माल दिल्यावर finish ही आज्ञा देऊन व्यवहार पुरा झाल्याचे कळवावे लागते. पण ते राहिले तर पैसे आपोआप परत जात नाहीत. अपुरा व्यवहार रांगेत तसाच पडून राहतो आणि ॲप उघडले की पुन्हा समोर येतो. आयफोनसाठी आधी लिहिणारा माणूस अँड्रॉइडकडे वळला, की तोच सैलपणा सोबत आणतो. दोन्ही फोनसाठी एकाच वेळी ॲप बनवणाऱ्या साधनांत हे आणखी झाकले जाते. फ्लटरच्या खरेदीच्या पॅकेजमध्ये दोन्हीकडच्या पायरीला completePurchase असे एकच नाव आहे. आयफोनवर ती राहिली तर व्यवहार पुन्हा डोके वर काढतो, अँड्रॉइडवर राहिली तर तिसऱ्या दिवशी पैसे जातात. एकाच ओळीच्या विसरण्याची शिक्षा दोन फोनांवर इतकी वेगळी आहे, हे नावावरून कळायला मार्ग नाही.

ही चूक ॲप लोकांपुढे जाण्याआधी पकडता येते, आणि त्यासाठी तीन दिवस थांबावेही लागत नाही. प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे विक्रेत्याच्या नियंत्रण पानावर, काही जीमेल खाती चाचणीसाठी नोंदवता येतात. त्या खात्यांना पैशांच्या खिडकीत खऱ्या कार्डाऐवजी चाचणीचे कार्ड दिसते आणि त्यांच्या खरेदीला पोच देण्याची मुदत तीन दिवसांऐवजी तीन मिनिटे असते. चाचणीची खरेदी करायची, धडे उघडले हे पाहायचे आणि फोन बाजूला ठेवून चहा घेऊन यायचे. परत आल्यावर ऑर्डर रद्द झाल्याचा मेल दिसला, तर पोच जात नाही हे नक्की. अनेकांचे इथेच चुकते : कुलूप उघडलेले दिसले की चाचणी संपली असे समजून ते पुढे जातात, आणि नंतर आलेला मेल चाचणीच्या खात्याचा म्हणून कोणी उघडत नाही. चाचणीच्या कार्डांत एक हळू चालणारे कार्डही असते, ते काही मिनिटांनी मंजूर होते. PENDING खरेदी ॲप कशी हाताळते, हे त्यावर पाहता येते. विद्यार्थ्याचा प्रसंग तपासायचा तर त्याच कार्डाने ऑर्डर नोंदवायची, मंजुरीआधी ॲप पूर्ण बंद करायचे आणि नंतर उघडून काय होते ते पाहायचे.

विक्री सुरू झाल्यावर लक्ष ठेवायचे ते ऑर्डरींच्या यादीवर. ग्राहकांनी मागितलेले रिफंड वेळेच्या दृष्टीने विस्कळीत असतात : कोणी दहा मिनिटांत मागतो, कोणी दुसऱ्या दिवशी. पोच न मिळाल्याने झालेले रिफंड मात्र ऑर्डरीपासून बरोबर तीन दिवसांवर बसलेले असतात. रद्द झालेल्या दहा ऑर्डरींची खरेदीची वेळ आणि परतीची वेळ कागदावर शेजारी शेजारी लिहिली, तरी हा नमुना डोळ्यांत भरतो. सर्व्हर असणाऱ्यांसाठी रद्द खरेद्यांची यादी गुगलकडून थेट मागवता येते. त्यात प्रत्येक ऑर्डरीपुढे रद्द होण्याचे कारण सांकेतिक आकड्याने दिलेले असते, आणि पोच न मिळालेल्या खरेदीला त्यात स्वतंत्र आकडा आहे.

कोल्हापूरच्या तरुणीने गुरुवारी रात्री यादी पाहिली, तीन दिवसांचा नमुना ओळखला आणि दुरुस्त केलेले ॲप स्टोअरवर पाठवले. आता दोन प्रकारचे ग्राहक तिच्यापुढे आहेत. ज्यांच्या ऑर्डरीला अजून तीन दिवस झालेले नाहीत, त्यांनी मुदतीत नवे ॲप घेऊन एकदा उघडले तर ॲप त्यांची खरेदी शोधून पोच देईल आणि विक्री वाचेल. म्हणूनच दुरुस्ती सोमवारची वाट न पाहता त्याच रात्री पाठवणे योग्य होते. ज्यांचे पैसे परत गेले, त्यांच्या ऑर्डरी पुन्हा जिवंत करता येत नाहीत. त्यांना परत विकत घ्यावे लागते, आणि तसे करायचे की नाही हा त्यांचा प्रश्न आहे.

त्यांच्याशी बोलायचे कसे, हीही अडचण आहे, कारण प्ले स्टोअर ग्राहकाचा ईमेल पत्ता विक्रेत्याला देत नाही. पण फोनमध्ये साठवलेली ती खूण इथे उपयोगी पडते. ज्या फोनवर ‘विकत घेतले’ अशी खूण आहे, पण स्टोअरच्या यादीत खरेदी नाही, तो फोन अशाच ग्राहकाचा असण्याची शक्यता खूप आहे. तिथे ॲप उघडताच काय झाले ते साध्या शब्दांत सांगायचे : तुमची ऑर्डर आमच्या बाजूच्या चुकीने रद्द झाली, १९९ रुपये तुम्हाला परत मिळाले आहेत किंवा बँकेच्या वेळेनुसार मिळतील, हवे तर धडे पुन्हा घेता येतील. धडे अर्ध्यावर असलेल्या माणसाचे कुलूप लगेच बंद करू नये, काही दिवस उघडे ठेवावे, असे मला वाटते. ज्यांनी लिहून विचारले, त्यांना प्रोमो कोड देऊन धडे फुकट खुले करण्याची सोयही प्ले कन्सोलमध्ये आहे. फक्त तो कोड ग्राहक बऱ्याचदा ॲपमध्ये न वापरता थेट प्ले स्टोअरमध्ये टाकतो. म्हणजे त्या वेळी ॲप उघडे नसते, निरोप घेणारे कोणी नसते. आणि कोडने मिळालेले धडेही स्टोअरच्या दृष्टीने खरेदीच असल्याने ती यादीतून शोधून तिची पोच ॲपलाच द्यावी लागते.